वीस मिनिटं नको, एक मिनिट सांगा

मी अकोले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. आमच्या भागातल्या सामुदायिक रेडिओनं पावसाळ्यातल्या पिण्याच्या पाण्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी भाषण लिहून दिलं, तर केंद्रावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे परिपत्रकासारखं वाटतंय." त्यात मी पाणी वीस मिनिटं उकळा असं लिहिलंय, कारण आम्ही वर्षानुवर्षं तेच सांगतो. बायका मान डोलावतात आणि उकळत कुणीच नाही. लिहिलेलं सोबत पाठवते. काय बदलू?
— एक आरोग्यसेविका

सिस्टर, नमस्कार.

तुमचे कागद वाचले. एक जागा सोडली तर माहितीत मोठी चूक नाही. ती जागा म्हणजे वीस मिनिटं. परिपत्रकाचा वास बाकीच्या मजकुराला आहेच, त्याकडे नंतर येते. पण लोक मान डोलावून उकळत का नाहीत, याचं बरंचसं उत्तर त्या वीस मिनिटांत आहे.

जंतू मारायला पाणी उकळत ठेवावं लागत नाही, उकळीपर्यंत न्यावं लागतं. पटकीचे, विषमज्वराचे, हगवणीचे जंतू पाणी सत्तर अंशांच्या पुढे गेलं की झपाट्यानं मरतात. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू त्यांच्याहून चिवट असतो, पण खळखळत्या पाण्यापुढे त्याचंही काही चालत नाही. म्हणजे पाण्याला आधण येईपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना एवढंच सांगते की, पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मग उतरवा, आपोआप निवू द्या आणि पुन्हा घाण होणार नाही असं ठेवा. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र खबरदारी म्हणून उकळी आल्यावर एक मिनिट थांबायला सांगतं, आणि दोन हजार मीटरच्या वरच्या वस्तीत तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. तुमचा भाग डोंगरी आहे म्हणून कुणीतरी हे विचारेल. त्यांना सांगा की राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण तुमच्याच तालुक्याच्या हद्दीवरचं कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथेही पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपास उकळतं आणि तेवढं पुरतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावाला एका मिनिटापेक्षा जास्त लागत नाही.

आता वीस मिनिटांचा हिशेब करून बघा. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरतं दिवसाला दहा लिटर पाणी धरू. ते साध्या तापमानावरून उकळीला न्यायला घरच्या शेगडीवर अंदाजे ११५ ग्रॅम गॅस जातो. पुढे वीस मिनिटं त्याच आचेवर ठेवलं तर आणखी पन्नासेक ग्रॅम. महिन्याला हा फरक साडेतीन किलो आणि पाच किलो असा होतो. १४.२ किलोची टाकी भरायची की नाही याचा विचार करणाऱ्या घरात दीड किलो म्हणजे चेष्टा नव्हे. वर अर्धा-पाऊण लिटर पाणी वाफ होऊन जातं ते वेगळंच. आणि चुलीवर, ओल्या सरपणावर, जुलैत? ज्या बाईनं हे एकदा करून बघितलं, ती दुसऱ्या दिवशी करणार नाही. तिला तुमचं म्हणणं पटलेलं असतं, पण परवडलेलं नसतं. "एक मिनिट" म्हटलंत की ती तेच काम संध्याकाळच्या भाकरीनंतर, चुलीत जाळ असतानाच उरकू शकते.

वरिष्ठांनी वीस मिनिटांबद्दल विचारलं तर घाबरू नका. वरच्या दोन संस्थांची नावं सांगा. जुन्या सल्ल्यात सुरक्षिततेसाठी भरपूर वेळ धरलेला असायचा. त्यात पाणी बिघडत नव्हतं, फक्त सल्ला पाळला जात नव्हता.

यापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या भाषणात एका ओळीत उरकली आहे: "उकळलेले पाणी स्वच्छ भांड्यात झाकून ठेवावे." माझ्या मते तुमच्या दहा मिनिटांतली निदान चार मिनिटं या ओळीला द्यायला हवीत. उकळलेल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण नसतं. नळाच्या पाण्यात क्लोरिन शिल्लक असतं, त्यामुळे वरून एखादा जंतू पडला तर तो मरू शकतो. उकळलेल्या पाण्यात असं काही शिल्लक नसतं, त्यामुळे एक बुडवलेला हातही त्याला पुरतो.

मी नोकरीत असताना एका वाडीत जुलाबाची साथ आली होती. एका घरातली बाई शपथेवर सांगत होती की ती रोज पाणी उकळते, तरी दोन मुलं आजारी. आम्ही तिच्याकडे एच टू एसच्या दोन बाटल्या भरल्या, म्हणजे त्या छोट्या तपासणीच्या बाटल्या, ज्यात पाणी दूषित असलं की एक-दोन दिवसांत काळं पडतं. एक भरली पातेल्यातल्या नुकत्याच निवलेल्या पाण्यातून, दुसरी माठातून. पातेल्याची बाटली तशीच राहिली, माठाची काळी झाली. बाई खरं बोलत होती. संध्याकाळी ती पाणी उकळायची आणि सकाळी ते माठात ओतायची. त्या माठात आदल्या दिवशीचं विहिरीचं तळाचं पाणी असायचं, माठ आतून घासलेला नसायचा, आणि मुलं त्यात पेला मुठीसकट बुडवायची. उकळीपर्यंतचं सगळं बरोबर, पुढचं सगळं चूक. तुम्ही उपकेंद्रातून अशा दोन बाटल्या आशाताईंच्या मदतीनं एखाद्या घरात भरून बघा आणि जे दिसेल ते, घराचं नाव न घेता, रेडिओवर सांगा. याच्यापुढे परिपत्रक टिकणार नाही.

म्हणून उकळीनंतरचं तुमच्या भाषणात असं यायला हवं. ज्या भांड्यात उकळलं त्याच भांड्यात, झाकण न काढता निवू द्यायचं. गार करायला त्यात कच्चं पाणी किंवा बर्फ घालायचा नाही. "कोमट करून देते" म्हणून अर्धा तांब्या साधं पाणी मिसळण्याची सवय घराघरांत आहे, आणि ती बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात जास्त आहे. दुसऱ्या भांड्यात काढायचंच असेल तर ते अरुंद तोंडाचं किंवा तोटीचं हवं, आणि आधी उकळत्या पाण्यानंच विसळून घेतलेलं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते भांड्यात न ठेवता वर खुंटीला. माठ वाईट नाही. माठाचं तोंड रुंद असतं आणि आत हात जातो, हे वाईट. चोवीस तासांत संपेल एवढंच उकळायचं, उरलेलं भांडी विसळायला.

चवीचंही एक वाक्य टाका. उकळलेलं पाणी मिळमिळीत लागतं, आणि म्हातारी माणसं त्याच कारणानं ते नाकारतात. झाकण लावून रात्रभर ठेवलं की चव बरीचशी परत येते. या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायला सांगू नका, त्यात आपणच घाण घालतो.

गढूळ पाण्याबद्दल तुम्ही "तुरटी फिरवून शुद्ध करावे" असं लिहिलंय. "शुद्ध" हा शब्द काढा. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उलट पाणी नितळ दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पाणी आधी स्वच्छ सुती फडक्याच्या चार घड्यांतून गाळायचं, निवळू द्यायचं, वरचं अलगद ओतून घ्यायचं आणि मग उकळायचं. फडक्याला हसू नका. बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यानं कमी झाले, हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण निम्म्यानं कमी म्हणजे निम्मे उरलेच, म्हणून गाळणं हे उकळण्याच्या आधीचं काम, त्याच्याऐवजीचं नव्हे.

ज्यांना खरंच उकळणं जमत नाही त्यांच्यासाठी मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरिनचे, थेंब किंवा गोळ्या आहेत. त्यांना रेडिओवर दुय्यम ठरवू नका. फक्त थेंबांचा आकडा बोलू नका. बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात आणि तुमचा आवाज तालुक्याची हद्द पाळणार नाही. "बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब, किंवा आशाताईंना विचारून" एवढं पुरे. टाकल्यावर ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासानं पाण्याला किंचित औषधाचा वास यायला हवा. वास अजिबात येत नसेल तर बहुधा गढूळपणानंच औषध खाल्लं, किंवा बाटली जुनी आहे, उन्हात राहिली आहे. लोक नेमकं उलटं समजतात. वास आला की पाणी ओतून देतात.

गरोदर बाया मात्र घरी थेंब असले तरी पाणी उकळूनच पितील असं आवर्जून सांगा. कारणही तुम्हाला माहीत असावं. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरलं. शुद्धीकरण केंद्रानं क्लोरिन वाढवलं. विषमज्वर फारसा वाढला नाही, म्हणजे जिवाणू आटोक्यात राहिले. पण कावीळ उसळली आणि सुमारे २९ हजार लोकांना झाली. ती ई प्रकारची होती, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. ही कावीळ एरवी माणूस सोसून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जीव घेते. दिल्लीची गोष्ट रेडिओवर नको, लांब होईल. त्यातून निघणारं एकच वाक्य बोला.

तुमच्या कागदांतून मी काय काढीन तेही सांगते. पहिल्या पानावरची आजारांची यादी पूर्ण काढा. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. सहा आजारांची नावं एका दमात ऐकली की सातव्या वाक्याला तो भाकरी उलटायला वळतो. विहिरीत टाकायच्या टीसीएल या क्लोरिनच्या पावडरचा हिशेब काढा, ते काम गावच्या जलसुरक्षकाचं आहे. फ्लोराइडचा परिच्छेदही काढा. तुमच्या गावांच्या तपासणीत फ्लोराइड निघालेलं नसेल तर उगाच भीती. पण कुणी विचारलंच, तर उकळल्यानं क्षार किंवा रसायनं जात नाहीत, हे स्पष्ट सांगा.

आता लेखनाबद्दल. तुमचं पहिलं वाक्य आहे, "पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे जलजन्य आजारांचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर होत असल्याने नागरिकांनी दक्षता घेणे आवश्यक आहे." हे तुम्ही उपकेंद्राच्या दारात उभ्या असलेल्या बाईशी बोलाल का? तिच्याशी बोलता तसंच लिहा, आणि तिच्या हातांच्या क्रमानं लिहा. आधी पाणी आणलं, मग गाळलं, मग चुलीवर ठेवलं, मग उतरवलं, मग प्यायला घेतलं. भाषण या क्रमानं गेलं की मुद्दे पाठ करावे लागत नाहीत. मधला भाग मी असा लिहीन. तुमच्या भागातल्या बोलीत तुम्ही तो बदलालच.

"ताई, मावशी, गाळलेलं पाणी पातेल्यात घेतलंत? आता झाकण ठेवा आणि चुलीवर चढवा. थोड्या वेळानं झाकण उचलून बघितलंत तर तळाशी बारीक बारीक बुडबुडे दिसतील. ती उकळी नाही. ती पाण्यातली हवा आहे. उतरवू नका. मग सूं सूं असा आवाज येईल. तीही उकळी नाही. अजून थांबा. आता ऐका."

इथे दहा सेकंद उकळत्या पाण्याचा आवाज.

"ऐकलंत? सूं सूं खाली बसलं आणि खळखळ सुरू झाली. पातेलंभर मोठे बुडबुडे, झाकण हलतंय. ही उकळी. इथून एक मिनिट. घड्याळ नसेल तर सावकाश साठ अंक मोजा. झालं. उतरवा. पाणी वीस मिनिटं उकळा असं पूर्वी आम्हीच सांगायचो. त्याची गरज नाही. खळखळून उकळी आणि एक मिनिट. बास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण काढू नका. गार करायला त्यात साधं पाणी घालू नका. उकळलेलं पाणी आणि साधं पाणी एकत्र केलं की ते सगळं साधंच झालं. तुमचं सरपण वाया गेलं. त्याच पातेल्यात निवू द्या. प्यायला घेताना ओगराळ्यानं घ्या. पेला बुडवू नका. पोराला बुडवू देऊ नका. पाहुण्यालाही नाही.

घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला पाणी देऊच नका. उकळलेलंही नको. आईच्या दुधात त्याचं पाणी आलं. आणि घरात कुणी पोटुशी असेल, तर तिचं पाणी उकळलेलंच. थेंब घातलेले असले तरी उकळलेलं."

तो उकळीचा आवाज केंद्रावरच्या मुलीकडून खरा ध्वनिमुद्रित करून घ्या. स्टुडिओत जमत नसेल तर तुमच्या घरी, पंखा बंद करून, मोबाईल पातेल्यापासून हातभर लांब धरून. बाजारात पोस्टरवर उकळीचं चित्र काढता येतं, पण सूं सूं आणि खळखळ यांतला फरक रेडिओच दाखवू शकतो. लोक खरोखर त्या सूं सूंलाच पातेलं उतरवतात.

वेळेचं गणित सोपं आहे. न घाईनं बोललं तर मराठीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. दहा मिनिटांत सुरुवातीची धून आणि नाव-गाव जाऊन हजाराच्या आतच शब्द उरतात, आणि तुम्ही सतराशे पाठवलेत. आकडे अक्षरांत लिहा, म्हणजे वाचताना अडखळणार नाही. भाषणभर एकच आकडा लक्षात राहू द्या, एक मिनिट, आणि तो तीनदा तरी येऊ द्या. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, टाचणी लावू नका, वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ देऊ नका. नाहीतर पान सरकवल्याचा आवाज पावसापेक्षा मोठा येतो. कार्यक्रम कधी लागणार तेही विचारून घ्या. संध्याकाळी चूल पेटलेली असताना लागला, तर "आता उठून पातेलं ठेवा" असं म्हणता येईल. दुपारी लागला तर त्या वाक्याचा उपयोग नाही.

शेवटच्या मिनिटाला तुम्ही "सर्वांनी सहकार्य करावे" लिहिलंय. ते मिनिट जुलाब सुरू झालेल्या घराला द्या. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाणी आधी उकळून निवलेलं. पावडर घातल्यावर उकळायचं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, पीत नाही, किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊ लागले, तर घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन. तुमच्या काही वाड्यांत रेंज नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुठल्या वाडीतून कुठल्या ठिकाणी जाऊन फोन लागतो, ते नावानिशी सांगा.